‘जोल’च्या आधीचं अक्षर

जनऔषधी केंद्रातून आणलेल्या गोळ्यांच्या अनेक पट्ट्यांवर औषधाचं नाव दोनदा छापलेलं असतं. एकदा रोमन अक्षरांत, एकदा देवनागरीत. तिथे ब्रँडचं नाव नसतं, त्यामुळे जे छापलंय ते मूळ औषधाचंच नाव. ज्यांना इंग्रजी वाचायची सवय नाही अशा आजी-आजोबांना हे देवनागरी नाव फार उपयोगी पडतं. पण डॉक्टरांची चिठ्ठी रोमनमध्ये असते, हॉस्पिटलमधून घरी सोडताना दिलेला कागद रोमनमध्ये असतो आणि पुण्यात बसलेली मुलगी फोनवर औषध शोधते तेही रोमन अक्षरं टाइप करून. त्यामुळे गावाकडे बाबा पट्टीवरचं देवनागरी नाव फोनवर वाचून दाखवतात आणि मुलगी ते ऐकून रोमनमध्ये लिहिते, असं घरोघरी चालतं. पट्टी अर्धी कापलेली असते तेव्हा तर रोमन नाव दुसऱ्या तुकड्याबरोबर निघून गेलेलं असतं आणि देवनागरी तेवढं हातात उरतं.

या दोन नावांपैकी प्रमाण कोणतं, हे आधी सांगायला हवं. औषधांना जगभर एकच मूळ नाव असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1950 साली एक पद्धत ठरवली आणि अशा नावांची पहिली यादी 1953 साली निघाली. संघटना ही नावं लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, अरबी आणि चिनी या रूपांत देते. देवनागरी त्यात नाही. म्हणजे आपल्या पट्टीवरचं देवनागरी नाव हे कुणीतरी रोमन नाव कानाने ऐकून किंवा डोळ्यांनी वाचून आपल्या अक्षरांत उतरवलेलं असतं. ते उतरवताना एका कंपनीने ‘मेटफॉर्मिन’ लिहिलं, दुसरीने ‘मेटफार्मिन’ आणि तिसरीने ‘मेटफोर्मिन’, तर तिन्ही आपापल्या जागी चालून जातात. रोमनमध्ये मात्र metformin हे एकच रूप आहे. म्हणून देवनागरी नाव हा रोमन नावापर्यंत पोचायचा रस्ता समजावा. दोन पट्ट्यांवरची देवनागरी नावं एकमेकींशी ताडून बघायचा प्रयत्न करू नये, कारण सारखं औषध असूनही ती वेगळी दिसू शकतात.

मराठी वाचकाची पहिली अडचण अशी की पट्टीवरची देवनागरी बहुधा हिंदी वळणाची असते. लिपी एकच असल्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. पट्टीवर ‘पैरासिटामोल’ लिहिलेलं असतं. आपण ‘पै’ हे अक्षर ‘पैसा’मधल्यासारखं वाचतो आणि फोनवर सांगताना ‘पइरासिटामोल’ असं काहीतरी सांगतो. हिंदीत मात्र इंग्रजीतला ‘ॲ’ दाखवायला ऐची मात्रा वापरतात. आपण ‘टॅबलेट’ लिहितो, ते ‘टैबलेट’ लिहितात. आपण ‘पॅन्टोप्राझोल’ लिहू, पट्टीवर ‘पैंटोप्राजोल’ असतं. म्हणून पट्टीवर दोन मात्रा दिसल्या की रोमनमध्ये तिथे बहुधा a असतो, एवढं धरून चालावं. तसंच ‘आइ’चं. आपलं ‘हायड्रो’ तिथे ‘हाइड्रो’ असतं, रोमनमध्ये hydro. आणि नावाच्या शेवटी ‘आई.पी.’ दिसलं तर ते आपलं ‘आय.पी.’, म्हणजे औषध भारतीय औषधकोशाच्या निकषांनुसार बनवलं आहे याची खूण. तो नावाचा भाग नाही. शोधताना ते टाइप करायची गरज नसते.

मात्रांची गफलत झाली तरी फार बिघडत नाही. फोनवर शोधताना pairasitamol टाइप केलं तरी पॅरासिटामॉल बरोबर सापडतं. खरा घोळ व्यंजनांचा आहे. रोमनमधली कितीतरी वेगवेगळी अक्षरं देवनागरीत येताना एकाच अक्षरात मिसळून जातात आणि परत जाताना ती वेगळी काढावी लागतात.

‘ज’ घ्या. हिंदीत z साठी ज खाली टिंब देतात, पण बारीक छपाईत ते टिंब बहुतेक वेळा गळतं, आणि असलं तरी मराठी वाचकाला त्याची सवय नसते. त्यामुळे पट्टीवरचा ‘ज’ हा z असू शकतो, g असू शकतो आणि नावाच्या सुरुवातीला असेल तर चक्क x सुद्धा. नाक चोंदल्यावर घालायच्या थेंबांवर ‘जाइलोमेटाजोलिन’ लिहिलेलं असतं, त्याचं रोमन रूप xylometazoline. त्यातला पहिला ज म्हणजे x आणि दुसरा z. रक्तातली चरबी कमी करायच्या ‘जेमफिब्रोजिल’मध्ये पहिला ज g आहे आणि दुसरा z: gemfibrozil. रोमन j औषधांच्या मूळ नावांत क्वचितच येतो, म्हणून ज दिसताच j टाइप करायचा हात आवरावा आणि आधी z करून बघावं.

‘स’ त्याहून जास्त फसवतो, कारण तो s आणि c या दोघांना सामावून घेतो. ‘सेटिरिजीन’ ही सर्दी-ॲलर्जीची गोळी cetirizine आहे, ‘सिम्वास्टेटिन’ मात्र simvastatin. इथवर ठीक, चुकलं तरी शोधयंत्र सुधारून देतं. पण ‘सिटाग्लिप्टिन’ आणि ‘सिटालोप्राम’ बघा. देवनागरीत दोघांची सुरुवात हुबेहूब ‘सिटा’. पहिलं sitagliptin, मधुमेहाचं. दुसरं citalopram, नैराश्यावरचं. रोमन यादीत एक एस खाली सापडेल, एक सी खाली. देवनागरी आद्याक्षरांवरून घरच्या औषधांची यादी लावली तर ही दोन शेजारी येतात. फ मध्ये f आणि ph एकत्र येतात, क मध्ये c, k आणि ch. काही अक्षरं तर उच्चारातच नसल्यामुळे देवनागरीत येतच नाहीत. ‘स्यूडोएफेड्रिन’ शोधायला pseudoephedrine लिहावं लागतं आणि त्यातला पहिला p पट्टीवरून कुणालाही कळणार नाही.

छपाईचा दोष यात वेगळा. चकचकीत ॲल्युमिनियमवर बारीक देवनागरी छापली की अनुस्वार पुसतो, घ आणि ध यांत फरक राहत नाही, थ चा य दिसतो. ‘मोंटेलुकास्ट’चा अनुस्वार गेला की ‘मोटेलुकास्ट’ उरतं आणि montelukast मधला n हरवतो. ‘पैंटोप्राजोल’चंही तेच. नाव सापडत नसेल तर मधे एक n घालून बघावा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

आता शेपटाकडे येऊ. मूळ नावं ठरवणाऱ्यांनी एक सोय करून ठेवली आहे. एकाच कुळातल्या औषधांच्या नावात एक ठरावीक तुकडा सारखा ठेवायचा, बहुधा शेवटी. बीपीच्या ‘टेल्मिसार्टन’ आणि ‘लोसार्टन’मध्ये ‘सार्टन’, ‘एटेनोलोल’ आणि ‘मेटोप्रोलोल’मध्ये ‘ओलोल’, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत ‘स्टेटिन’. हे शेपूट देवनागरीतही बऱ्यापैकी शाबूत राहतं. त्यामुळे सुरुवात वाचता आली नाही तरी औषध कोणत्या कामाचं आहे याचा अंदाज येतो. घरात वडिलांना बीपी आहे आणि पट्टीवर ‘सार्टन’ दिसतंय, तर आपण बरोबर दिशेने चाललो आहोत.

पण शेपूट किती लांब धरायचं हे माहीत नसेल तर तेच गोत्यात आणतं. लोकांना सर्वांत जास्त ओळखीचं शेपूट म्हणजे ‘जोल’. पित्ताच्या गोळ्या ‘जोल’ने संपतात हे इतकं पक्कं डोक्यात बसलेलं असतं की ‘जोल’ वाचलं की माणूस ‘पित्ताची आहे’ म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात ‘जोल’ या दोन अक्षरांवरून काहीच कळत नाही. त्याच्या आधीची अक्षरं बघावी लागतात. ‘प्राजोल’ असेल तर पित्ताचं कूळ: ओमेप्राजोल, पैंटोप्राजोल, रेबेप्राजोल. ‘कोनाजोल’ असेल तर बुरशीवरचं, जसं फ्लुकोनाजोल. ‘निडाजोल’ असेल तर मेट्रोनिडाजोलच्या कुळातलं, आमांशासारख्या पोटाच्या संसर्गावर देतात ते. ‘बेंडाजोल’ असेल तर जंतावरचं एल्बेंडाजोल. आणि ‘प्राजोल’च्याही आधी ‘पि’ असेल, म्हणजे ‘पिप्राजोल’ असेल, तर पित्ताशी त्याचा काही संबंध नाही. एरिपिप्राजोल हे स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात देतात. रोमनमध्ये aripiprazole आणि rabeprazole ही जोडी गफलतीची म्हणून जगभरच्या औषधतज्ज्ञांच्या यादीत आहे. देवनागरीत त्यांच्यातलं अंतर आणखी कमी होतं.

एक प्रसंग कल्पून पाहू. घरात दोन माणसांची औषधं एकाच डब्यात आहेत. वडिलांना पित्तासाठी रेबेप्राजोल चालू आहे. डब्यात एक कापलेला तुकडा सापडतो, वरचं टोक गेलेलं. वडील फोनवर सांगतात, ‘‘अगं, पुढचं काही दिसत नाही, पण शेवटी प्राजोल लिहिलंय, आणि दहा.’’ मुलगी rabeprazole 10 टाइप करते. अशी गोळी खरोखर मिळते, वीस मिलिग्रॅममध्ये जास्त आणि दहामध्येही. नाव जुळलं, आकडा जुळला. इथे बहुतेकजण थांबतात.

थांबू नये. आधी ‘प्राजोल’च्या लगेच आधीचं अक्षर वाचून घ्यावं. रेबेप्राजोलमध्ये तिथे ‘बे’ आहे, एरिपिप्राजोलमध्ये ‘पि’. फोनवर ब आणि प सारखे ऐकू येतात, म्हणून ‘‘बाबा, बदकातला ब की पतंगातला प?’’ असं विचारायला लाजू नये. त्यावर उत्तर आलं की प आहे, तर रेबेप्राजोल बाद. पण अक्षर पुसलेलं असलं तर? एरिपिप्राजोलही दहा मिलिग्रॅममध्ये येतं, त्यामुळे आकड्याचा इथे काही उपयोग नाही.

मग नावानंतर काय लिहिलंय ते बघायचं. रेबेप्राजोल पोटातल्या आम्लात टिकत नाही, आतड्यात पोचेपर्यंत ते वाचवावं लागतं. म्हणून त्याच्या गोळीवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं आणि नावाला जोडून ‘गैस्ट्रो-रेजिस्टेंट टैबलेट’ असे शब्द येतात. घटकांच्या ओळीत ‘सोडियम’ही असतं, कारण औषध रेबेप्राजोल सोडियम या क्षाराच्या रूपात असतं. एरिपिप्राजोलला या दोन्हींची गरज नसते. त्याच्या पट्टीवर साधं ‘टैबलेट आई.पी.’ असतं आणि घटकांच्या ओळीत ‘प्रत्येक अनकोटेड टैबलेट’ असं लिहिलेलं आढळतं. तेव्हा तुकड्यावर ‘गैस्ट्रो’ नाही, ‘सोडियम’ नाही आणि ‘अनकोटेड’ आहे, एवढं कळलं तरी ती रेबेप्राजोलची गोळी नाही हे ठरतं. आवरण नसलेली रेबेप्राजोलची गोळी पोटातच वाया जाईल, म्हणून कुणी तशी करणार नाही. नावापेक्षा नावाच्या मागे आलेले हे रुक्ष शब्द इथे निकाल देतात. माझ्या मते पट्टी वाचताना लोक नेमके हेच शब्द गाळतात आणि ही सवय मोडायला हवी.

अशा जोड्यांसाठी रोमन लिपीत एक युक्ती आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2001 साली नावांतला फरक ठळक करायचा उपक्रम सुरू केला. त्यात नावाचा वेगळा भाग मोठ्या लिपीत छापायचा: hydrOXYzine आणि hydrALAZINE. पहिलं खाज आणि ॲलर्जीवरचं, दुसरं बीपीचं, आणि दोन्ही पंचवीस मिलिग्रॅममध्ये मिळतात. मोठी अक्षरं मधेच आली की डोळा तिथे अडखळतो आणि फरक दिसतो. देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेदच नाही. ‘हाइड्रोक्सीजीन’ आणि ‘हाइड्रालाजीन’ दोन्ही शिरोरेषेखाली एकसारखी उभी असतात, दोघांची सुरुवात ‘हाइड्रा-हाइड्रो’, दोघांचा शेवट ‘जीन’. ठळक टाइप किंवा वेगळा रंग वापरून आपल्या लिपीतही हे साधता येईल, आणि छपाई करून घेणाऱ्यांनी ते करावं असं मला मनापासून वाटतं. तोवर घरी एक उपाय करता येतो: पट्टीवर पेनाने मधला वेगळा तुकडा, ‘क्सी’ किंवा ‘राला’, गोल करून ठेवायचा.

नाव अचूक जुळूनही औषध वेगळं निघू शकतं, ही यापुढची पायरी. मेटोप्रोलोल हे हृदयाचं आणि बीपीचं औषध दोन क्षारांत येतं. टार्ट्रेट लवकर विरघळतं आणि बहुधा दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. सक्सिनेट सावकाश सुटणाऱ्या गोळीत येतं आणि दिवसातून एकदा पुरतं. दोघांचं मूळ नाव एकच. त्यात घटकांची ओळ आणखी गोंधळ करते. सक्सिनेटच्या पट्टीवर लिहिलेलं असतं की यात मेटोप्रोलोल सक्सिनेट 47.5 मि.ग्रा. आहे, मेटोप्रोलोल टार्ट्रेट 50 मि.ग्रा. इतकं. म्हणजे टार्ट्रेट हा शब्द सक्सिनेटच्याच पट्टीवर छापलेला असतो. घाईत वाचणारा तो शेवटचा शब्द उचलतो आणि metoprolol tartrate 50 शोधून तसलीच गोळी मागतो. ‘समतुल्य’ किंवा ‘के बराबर’ या शब्दांच्या पुढे जे येतं ते मोजमाप आहे. पट्टीत खरं काय आहे ते त्या शब्दांच्या आधी लिहिलेलं असतं. आणि ‘प्रोलॉन्ग्ड रिलीज’ किंवा ‘एक्सटेंडेड रिलीज’ दिसलं तर ते शब्द नावाइतकेच महत्त्वाचे मानून चिठ्ठीशी ताडावेत. अशी गोळी चावून किंवा कुटून घेतली तर सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं.

एककाचंही बघावं. ‘मि.ग्रा.’ म्हणजे मिलिग्रॅम, mg. थायरॉइडच्या लिवोथायरॉक्सिनवर मात्र ‘माइक्रोग्राम’ लिहिलेलं असतं, रोमनमध्ये mcg, आणि दोन्हींत हजारपटीचा फरक आहे. यादी उतरवताना आकड्याबरोबर एकक जसंच्या तसं लिहावं. स्वतः ‘मि.ग्रा.’ जोडू नये.

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लागते. अमेरिकेत काही औषधांची मूळ नावंच वेगळी आहेत. तिथे देवनागरीतून रोमनमध्ये अचूक उतरवलेलं paracetamol तिथल्या दुकानाच्या फळीवर दिसत नाही, कारण तिथे ते acetaminophen आहे. दम्याच्या पंपातलं salbutamol तिथे albuterol असतं, मधुमेहाचं glibenclamide तिथे glyburide. इथे वर्णांची जुळवाजुळव कितीही केली तरी उपयोग नाही. प्रवासाआधी इथल्याच फार्मासिस्टकडून दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून घ्यावीत.

क्यूआर कोडचं लोक विचारतात. 1 ऑगस्ट 2023 पासून ठरवून दिलेल्या तीनशे ब्रँडच्या पाकिटांवर असा कोड बंधनकारक झाला आणि तो फोनने वाचला की मूळ नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत पडद्यावर येते. कोड असेल तर अक्षरं जुळवत बसायची गरजच नाही. पण तो ठरावीक ब्रँडपुरता सक्तीचा आहे, आणि ज्या बिनब्रँडच्या पट्ट्यांवर आपण देवनागरी वाचतोय तिथे तो असेलच असं नाही. ब्रँडच्या पाकिटावर देवनागरीत काही छापलेलं असेल तर ते ब्रँडचं नाव असण्याची शक्यता मोठी. तेव्हा त्याखालचं घटकांचं बारीक नाव शोधावं.

पट्टी कापण्याची वेळ आली की नाव, बॅच आणि मुदत असलेली बाजू हातात ठेवून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढायच्या, आणि दुकानातून सुट्या गोळ्या घेताना नावाची बाजूच मागायची. जनऔषधीची पट्टी आणल्याबरोबर, ती शाबूत असतानाच, तिच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला तर पुण्यातल्या मुलीला ऐकून लिहायची वेळच येत नाही. एवढं करूनही एका तुकड्यावर दोन नावं बसतायत आणि क्षार, आवरण, एकक यांपैकी कशानेच निवड होत नाही असं झालं, तर ती गोळी घ्यायची नाही. तुकडा आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन जिथून औषध आणलं त्या केंद्रातल्या फार्मासिस्टकडे जायचं. बिलावर नाव रोमनमध्ये असतं आणि बॅच क्रमांकही असतो. तुकड्यावर बॅच क्रमांकाचे शेवटचे आकडे उरले असतील तर ते बिलाशी ताडून बघता येतात.